आधी पाहा, मग अर्थ लावा, मग स्वतःकडे या

बायबलमधला एखादा उतारा घेऊन सहा ते दहा जणांनी तास-सव्वा तास त्यावर बोलायचे, असे घरगुती अभ्यासगट अनेक मंडळ्यांमध्ये चालतात. तिथे प्रवचन नसते. बोलायचे असते ते सदस्यांनी, आणि गट चालवणाऱ्याच्या हातात फक्त दहा-बारा प्रश्नांचा कागद असतो. हे प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि ठरावीक क्रमाने येतात. उताऱ्यात काय लिहिले आहे ते नीट पाहायला लावणारे प्रश्न पहिले. त्याला निरीक्षण म्हणतात. जे दिसले त्याचा अर्थ काय, लेखकाने ते तसे का सांगितले, हे विचारणारे दुसरे, तो अन्वयार्थ. आणि त्या अर्थाचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे विचारणारे तिसरे, ते उपयोजन. डी.एड., बी.एड. केलेल्या वाचकांना यावरून ‘ज्ञान, आकलन, उपयोजन’ ही उतरंड आठवेल. साम्य आहे खरे, पण वर्गातले उपयोजन म्हणजे शिकलेला नियम नव्या उदाहरणाला लावणे. इथे नियम लावायचा असतो तो स्वतःच्या वागण्याला, आणि त्याचे बरोबर उत्तर शिक्षकाच्या वहीत लिहून ठेवलेले नसते.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्बर्ट वेब्स्टर व्हाइट यांनी धर्मशिक्षणाची एक संस्था काढली. पुढे ती न्यूयॉर्कमधली बिब्लिकल सेमिनरी म्हणून ओळखली गेली. बायबलविषयीची पुस्तके वाचण्याआधी बायबलच वाचा, आणि निष्कर्ष मजकुरातून काढा, असा तिथला आग्रह होता. तिथे शिकवणाऱ्या रॉबर्ट ट्रेना यांनी 1952 साली ‘मेथॉडिकल बायबल स्टडी’ या पुस्तकात ही पद्धत तपशिलात मांडली. त्याआधीच, 1943 साली, जेन हॉलिंग्सवर्थ यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गटांसाठी मार्ककृत शुभवर्तमानावर प्रश्नांची एक छोटी पुस्तिका लिहिली होती. सेमिनरीतली रीत विद्यार्थ्यांच्या बैठकीत पोचली ती अशा पुस्तिकांमुळे. भारतात 1954 साली स्थापन झालेल्या युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया या संघटनेच्या गटांनीही याच प्रकारचा अभ्यास चालवला.

तीन पायऱ्यांचे नाव सांगणे सोपे आहे. प्रश्न लिहायला बसले की अडचण सुरू होते. बहुतेक नवे चालक आधी तिसऱ्या पायरीचे प्रश्न लिहितात, कारण गटाने काय शिकावे हे त्यांनी मनाशी ठरवलेले असते. मग पहिल्या पायरीवर चार किरकोळ प्रश्न चिकटवले जातात, मधली पायरी एका ‘यावरून काय बोध होतो?’वर उरकली जाते, आणि चर्चा आधीच ठरलेल्या जागी जाऊन बसते. या पद्धतीचा सगळा भार मधल्या पायरीवर असतो. मधला प्रश्न चांगला पडला की पहिल्या पायरीवर काय पाहायला लावायचे ते आपोआप कळते, आणि तिसऱ्या पायरीवर काय विचारण्याचा हक्क मिळाला आहे तेही कळते. म्हणून प्रश्न विचारायचे पहिल्या पायरीपासून, पण लिहायला घ्यायचे मधूनच.

हे कसे करायचे ते एका उताऱ्यावर पाहणे बरे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, 46 ते 52 या सात वचनांत, बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे. येशू आपले शिष्य आणि मोठी गर्दी यांच्यासह यरीहो सोडून निघाला आहे. तीमयाचा मुलगा बार्तीमय रस्त्याच्या कडेला भीक मागत बसला आहे. नासरेथचा येशू चालला आहे हे कानावर पडताच तो ओरडायला लागतो, येशूला दाविदाचा पुत्र म्हणून हाक मारतो आणि दया मागतो. पुष्कळ लोक त्याला दटावून गप्प करू पाहतात. तो आणखीच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलवायला सांगतो. आता तेच लोक त्याला धीर देतात. तो अंगावरचे वस्त्र टाकून उडी मारून उठतो आणि येशूकडे येतो. आपण त्याच्यासाठी काय करावे, असे येशू त्याला विचारतो. आपल्याला दृष्टी यावी, असे तो सांगतो. तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, आता जा, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. त्याला तत्काळ दिसू लागते, आणि तो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

प्रश्न लिहिण्याआधी चालकाने हा उतारा चार-पाच वेळा सावकाश वाचावा आणि जे दिसेल ते कोऱ्या कागदावर टिपून ठेवावे. सात वचनांच्या उताऱ्यात वीस-पंचवीस टिपणे सहज निघतात. त्यातली बरीच निरुपयोगी ठरतात, पण कोणती ते आधी कळत नाही. छापील बायबलमध्ये उताऱ्यांवर दिलेले मथळे या वेळी झाकून ठेवावेत. ते मूळ लेखकाचे नाहीत, आणि वचनांचे आकडेही नाहीत. नव्या करारातली आजची वचनविभागणी रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 साली केलेली आहे. मथळा वाचला की उताऱ्याचा अर्थ आधीच सांगून झालेला असतो. शक्य असेल तर दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. मराठी वाचकाला हे अवघड नाही. बायबल सोसायटीची प्रत घरात असते, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले, त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झालेले भाषांतरही माहीत असते. दोन्हींत वाक्य वेगळे पडले असेल तिथे नजर आपोआप थांबते.

टिपणे झाली की त्यांतून अडणाऱ्या जागा शोधायच्या. जिथे लेखकाने काहीतरी अनपेक्षित लिहिले आहे, जे सांगायची गरज नव्हती ते सांगितले आहे, किंवा एकच गोष्ट दोनदा आणली आहे, ती अडणारी जागा. बार्तीमयाच्या गोष्टीत अशा निदान चार जागा आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात बरे झालेल्यांच्या अनेक गोष्टी आहेत, पण बरा होणारा माणूस नावानिशी येतो तो फक्त इथे. लोकांकडून त्याला कळले ते नासरेथच्या येशूविषयी, आणि त्याने हाक मारली ती दाविदाच्या पुत्राला. समोर आंधळा माणूस उभा असताना येशू त्याला काय हवे ते विचारतो. आणि ज्याला जायला सांगितले तो जात नाही, मागे येतो. यातली तिसरी जागा सगळ्यांत जड आहे. आंधळ्याला काय हवे हे गर्दीतल्या कोणालाही ठाऊक होते. मग प्रश्न कशाला?

उत्तराचा धागा उताऱ्याच्या अकरा वचने आधी आहे. त्याच अध्यायाच्या 35व्या वचनात याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे येतात आणि आपण मागू ते त्याने करावे अशी इच्छा धरतात. येशू त्यांनाही 36व्या वचनात जवळजवळ त्याच शब्दांत हाच प्रश्न विचारतो. त्यांचे उत्तर असते ते वैभवात त्याच्या उजव्या आणि डाव्या हाताला बसण्याचे. मार्कने एकच प्रश्न दोनदा आणला आहे: एकदा डोळस, जवळच्या शिष्यांना, आणि लगेच पुढे रस्त्याच्या कडेच्या आंधळ्याला. शिष्यांना आपण काय मागतो हे कळत नाही, असे येशूच त्यांना सांगतो. आंधळ्याला मात्र आपली गरज नेमकी ठाऊक आहे. हे एकदा दिसले की उताऱ्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहिता येतो: आपल्याला दिसत नाही हे ज्याला कळते तो मागतो, आणि दृष्टी मिळाली की वाटेला लागतो. हे वाक्य गटाला वाचून दाखवायचे नसते. ते चालकाच्या कागदावर वर कोपऱ्यात लिहिलेले असते, आणि खालचा प्रत्येक प्रश्न त्याच्या दिशेने एक पाऊल टाकतो की नाही हे त्यावरून पडताळायचे असते.

आता मधले प्रश्न लिहिता येतात. मुख्य प्रश्न असा: बार्तीमयाला काय हवे हे उघड दिसत असताना येशू त्याला ते का विचारतो? याच अध्यायातली 35 ते 40 ही वचने शेजारी ठेवून पाहा. त्याच्या आधी एक लहान प्रश्न हवा: लोकांनी सांगितलेले नाव आणि बार्तीमयाने हाक मारलेले नाव यांत काय फरक आहे, आणि त्यावरून त्याच्याविषयी काय कळते? दाविदाचा पुत्र हे संबोधन मार्कमध्ये इथेच पहिल्यांदा येते, ही माहिती चालकाने एका वाक्यात सांगावी. गटाला ती शोधायला लावण्यात अर्थ नाही. त्यानंतरचा प्रश्न: येशूने जायला सांगितल्यावर बार्तीमय काय करतो, आणि 32 ते 34 या वचनांनुसार ती वाट कुठे चालली होती? वाट यरुशलेमला चालली आहे, आणि तिथे आपल्याला मारले जाणार आहे हे येशूने नुकतेच सांगितले आहे. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे अडीचशे मीटर खाली आहे, यरुशलेम सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. म्हणजे ती वाट अंगावर येणाऱ्या चढाचीही आहे. हे कळल्यावर मागे चालू लागणे या साध्या शब्दांना वजन येते.

लोकांनी बार्तीमयाला गप्प का केले, हा चौथा प्रश्न मोह पाडणारा आहे, आणि तो जपून लिहावा लागतो. उताऱ्यात कारण दिलेले नाही. ‘लोकांनी त्याला गप्प का केले असेल?’ एवढेच विचारले तर प्रत्येक जण आपापला अंदाज सांगतो, सगळेच अंदाज सारखेच बरोबर ठरतात, आणि चर्चा मजकूर सोडून हवेत जाते. हाच प्रश्न मजकुरात रोवता येतो. याच अध्यायाच्या 13व्या वचनात शिष्य लहान मुलांना आणणाऱ्यांना असेच दटावतात. म्हणून विचारायचे ते असे: 13व्या आणि 48व्या वचनात कोण कोणाला अडवत आहे, आणि दोन्ही वेळा येशू काय करतो? आता उत्तर बोट ठेवून दाखवता येते. अन्वयार्थाच्या प्रत्येक प्रश्नाला ही कसोटी लावावी: उत्तर देणारा माणूस एखाद्या वचनावर बोट ठेवू शकतो का? ठेवू शकत नसेल तर प्रश्न अर्थाचा नाही, कल्पनेचा आहे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक वस्तूतून गूढ अर्थ काढणे. बार्तीमयाने टाकलेले वस्त्र म्हणजे आपली जुनी पापे, यरीहो म्हणजे जग, रस्त्याची कडा म्हणजे निराशा, असे अर्थ सभांमधून ऐकायला मिळतात आणि ऐकायला गोडही वाटतात. मार्क मात्र त्याकडे काहीच इशारा करत नाही. वस्त्राबद्दल विचारायचेच असेल तर भिकाऱ्याच्या जवळ दुसरे काय होते, आणि त्याने ते टाकून उठण्यातून त्याच्या मनःस्थितीविषयी काय कळते, एवढ्यावर थांबावे.

मधले प्रश्न ठरले की निरीक्षणाचे प्रश्न मागे जाऊन लिहायचे, आणि ते लिहिताना मधल्या प्रश्नांना लागणारा माल पुरवायचा. इथे सर्वांत जास्त चुका होतात. आंधळ्याचे नाव काय होते? तो कुठे बसला होता? त्याने काय टाकले? असे प्रश्न शाळेच्या पहिल्या घटक चाचणीचे आहेत. मोठ्या माणसांना ते विचारले की गट गप्प बसतो. उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर एवढे सोपे उत्तर मोठ्याने सांगायला लाज वाटते म्हणून. ही शांतता ओळखायला शिकावे: लोक एकमेकांकडे पाहतात, कोणीतरी हसते, आणि नेहमीचा एकच उत्साही सदस्य उत्तर देतो. निरीक्षणाचा प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर तीन-चार जणांनी मिळून पुरे करावे लागेल. म्हणजे: 46 ते 52 या वचनांत बार्तीमय काय काय करतो, ती सगळी क्रियापदे शोधा. कोणी ऐकणे सांगतो, कोणी ओरडणे, कोणी उडी मारून उठणे. यादी जमते, आणि सात वचनांत एका आंधळ्या माणसाने किती हालचाल केली ते गटाच्या लक्षात येते. दुसरा प्रश्न: 48व्या आणि 49व्या वचनात गर्दीचे बोलणे कसे बदलते, आणि मध्ये काय घडते? तिसरा: गोष्टीच्या सुरुवातीला बार्तीमय कुठे आहे आणि शेवटी कुठे? हा तिसरा प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याच्या उत्तरात रस्त्याची कडा आणि वाट ही दोन टोके हाती येतात, आणि वाट कुठे चालली होती हा मधला प्रश्न पुढे त्याच टोकाला धरतो.

चार निरीक्षणाचे, चार अन्वयार्थाचे आणि दोन-तीन उपयोजनाचे, असा हिशेब तासाभराच्या बैठकीला पुरतो. वेळ मात्र तसा वाटून घेऊ नये. निरीक्षणाला पंधरा मिनिटे, अर्थाला अर्धा तास, उरलेला वेळ उपयोजन आणि प्रार्थनेला, असे साधारण प्रमाण ठेवले तर मधल्या पायरीचा जीव जात नाही. मोठा उतारा असेल, समजा तीस वचनांचा, तर सगळे निरीक्षण आधी आणि सगळा अर्थ नंतर असे करू नये. सुरुवातीचे निरीक्षण अर्थापर्यंत पोचता पोचता विसरले जाते. अशा वेळी उताऱ्याचे दोन-तीन तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर पाहणे आणि अर्थ लावणे आटोपावे, आणि उपयोजन तेवढे शेवटी एकदाच करावे.

काही चालक वाचनाआधी एखादा हलका प्रश्न टाकतात, जसे की गर्दीत आपला आवाज कोणी ऐकला नाही असे कधी घडले का. लोकांची जीभ मोकळी होते आणि विषयाचा वास लागतो. हा प्रश्न वाचनानंतर विचारला तर मात्र लोक उताऱ्याऐवजी स्वतःच्या आठवणींत शिरतात, म्हणून तो आधीच संपवावा.

उपयोजनाच्या प्रश्नाला एकच कसोटी पुरेशी आहे: तोच प्रश्न दुसऱ्या कुठल्याही उताऱ्याखाली लिहिला तर चालेल का? ‘या वचनांतून देव तुमच्याशी काय बोलत आहे?’ हा प्रश्न उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठेही चालतो, आणि त्याची उत्तरेही तशीच येतात: प्रार्थना वाढवायला हवी, विश्वास दृढ हवा, चर्चला नियमित यायला हवे. ही उत्तरे खोटी नसतात, पण ती द्यायला कोणी मार्क वाचायची गरज नव्हती. बार्तीमयाच्या उताऱ्यातून जो प्रश्न निघतो तो दुसरीकडे बसत नाही. येशूने याकोब-योहानांना आणि बार्तीमयाला विचारले तेच आज तुम्हाला विचारले, तर या आठवड्यात तुमच्या ओठांवर पहिले उत्तर कोणते येईल, आणि ते त्या दोघांच्या उत्तराजवळ जाते की बार्तीमयाच्या? इथे टाळाटाळ करायला जागा कमी आहे, तरी कबुलीजबाबाची सक्ती नाही. ज्याला नको तो मनातच उत्तर देऊ शकतो. दुसरा प्रश्न 48व्या वचनातून: आपल्या घरात, सोसायटीत किंवा मंडळीत कोणाचा आवाज आपण सगळे मिळून दाबतो, आणि त्याला बोलावण्यासाठी येत्या रविवारपर्यंत कोण काय करू शकेल? काळ आणि माणूस यांचा उल्लेख प्रश्नातच असला की उत्तरही ठोस येते.

उपयोजन लिहिताना गटात कोण बसले आहे याचा विचार करणे चालकाचे कामच आहे. येशूने बरे होण्याचे श्रेय विश्वासाला दिले, म्हणून ‘आपला विश्वास बरे होण्याइतका आहे का?’ असा प्रश्न सहज सुचतो. ज्या गटात कोणी वर्षानुवर्षे आजारी आहे, कोणाचे मूल अपंग आहे, तिथे हा प्रश्न माणसाला सरळ दोषी ठरवतो. शिवाय तो उताऱ्यावरही अन्याय करतो, कारण मार्क इथे विश्वासाचे मोजमाप सांगत नाही. दटावल्यावरही ओरडत राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. अर्थाची पायरी नीट झाली असेल तर असा प्रश्न लिहिला जातच नाही. तो दिसला तर समजावे की मधे काहीतरी सुटले आहे, आणि मागे जाऊन शोधावे.

कागद पूर्ण झाल्यावर प्रत्येक प्रश्नाखाली चालकाने अपेक्षित उत्तर दोन ओळींत लिहून पाहावे. उत्तर एका शब्दात संपले तर प्रश्न लहान आहे. दोन ओळींत मावत नसेल तर तो बहुधा दोन प्रश्नांची मोळी आहे. ‘बार्तीमयाने काय केले, का केले आणि आपण काय करावे?’ हा प्रकार अगदी नेहमीचा. तो सोडवून तीन ठिकाणी टाकावा. प्रश्नाच्या शेवटी ‘नाही का?’ किंवा ‘बरोबर ना?’ आले असेल तर तो प्रश्न राहिलेला नाही, मत झाले आहे. मग हा कागद घरातल्याच एकाला, शक्यतो उतारा नुकताच वाचलेल्या पण प्रवचनांची सवय नसलेल्या माणसाला, विचारून पाहावा. तो ज्या प्रश्नावर ‘म्हणजे?’ असे उलट विचारेल तो प्रश्न पुन्हा लिहावा. बैठकीत स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देण्याची घाई करू नये. अन्वयार्थाच्या प्रश्नानंतर दहा-पंधरा सेकंदांची शांतता ठीक असते. त्या वेळात लोक खरोखर पान वाचत असतात.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती वाचनावर उभी आहे. गटातल्या काही जणांना वाचता येत नसेल तर उतारा दोनदा मोठ्याने वाचून, मग एकाला गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावावी. काय सुटले ते बाकीच्यांनी भरून काढणे हेच निरीक्षण ठरते. कथेला ती जशी बसते तशी पत्रांना किंवा स्तोत्रांना बसत नाही. पौलाच्या पत्रात क्रियापदांची यादी करून हाती काही लागत नाही. तिथे ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ या शब्दांवर नजर ठेवावी लागते, कारण अडणारी जागा युक्तिवादाच्या सांध्यात असते. स्तोत्रात ती प्रतिमांमध्ये आणि सुरुवात-शेवट यांच्या सुरातल्या फरकात असते. आणि उताऱ्याबाहेरच्या गोष्टी, जसे की त्या काळचे कायदे, भूगोल, परूशी कोण होते, या प्रश्न विचारून निघत नाहीत. त्या चालकाने वाचून याव्यात आणि एका-दोन वाक्यांत सांगून टाकाव्यात. ‘यरीहो कुठे आहे, कोणाला माहीत आहे?’ या प्रश्नाने फक्त माहीत नसलेल्यांचा संकोच वाढतो.

पहिल्यांदा प्रश्न लिहायला बसणाऱ्याने मार्कच्या सोळा अध्यायांतच राहावे. त्यातल्या गोष्टी आटोपशीर आहेत आणि अडणाऱ्या जागा स्पष्ट दिसतात. दुसऱ्या अध्यायात चौघांनी छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशू आधी बरे करत नाही, आधी पापक्षमा देतो. बाराव्यात विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट येते ती विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा उल्लेख झाल्यावर लगेच. यातला कोणताही एक उतारा घ्यावा, एक कोरा कागद घ्यावा, आणि पहिल्या दिवशी फक्त मधला एक प्रश्न लिहावा.